पडत्या बाजारात निर्देशांकापेक्षा तगडा शेअर वेळेत कसा ओळखायचा?

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी शाळेत गणित शिकवतो, अहिल्यानगर जिल्ह्यात असतो आणि सहा वर्षं स्वतःच्या पैशांनी बाजारात आहे. एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय, ती इथे मांडतो.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस निफ्टी २६,२०० च्या वर बंद झाला होता. तिथून ऑक्टोबर ते फेब्रुवारी सलग पाच महिने तो पडत गेला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात २२,१०० च्या खाली आला. त्या काळात माझ्याकडच्या अकरा शेअरपैकी नऊ निफ्टीपेक्षा जास्त आपटले. मी रोज संध्याकाळी लाल आकडे बघून ॲप बंद करायचो.

आता मागे वळून तक्ता काढला तर काय दिसतं? बजाज फायनान्स डिसेंबर २०२४ च्या शेवटी ६,८२० च्या आसपास होता आणि फेब्रुवारीच्या शेवटी ८,५३० च्या आसपास. म्हणजे २५ टक्के वर. त्याच दोन महिन्यांत निफ्टी २३,६४५ वरून २२,१२५ वर आला, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास खाली. सगळं गाव झोपलेलं असताना एका घरात दिवा लागलेला होता, आणि मी त्या गल्लीत फिरकलोच नाही.

माझा प्रश्न असा: हे आधी दिसतं का? निर्देशांकाशी तुलना करून असे शेअर शोधणारे इथे कोणी असतील तर नेमकं काय करता, किती दिवसांची तुलना घेता, आणि विश्वास कधी ठेवता? मला आत्तापर्यंत एकच मार्ग सुचलाय. जे सगळ्यात कमी पडलेत त्यांची यादी करायची आणि वरचे पाच घ्यायचे. एवढं पुरतं का?

टिकटिक

सोपं आहे सर. आरएसआय ६० च्या वर असलेले शेअर गाळून घ्या. बाजार पडत असताना ज्याचा आरएसआय ६० च्या वर तो तगडा. मी हेच करतो.

गोदाकाठ

टिकटिक, नावात 'रिलेटिव्ह स्ट्रेंथ' असलं तरी आरएसआय शेअरची तुलना त्याच्याच मागच्या चौदा दिवसांशी करतो. निर्देशांक त्यात कुठेच येत नाही. निफ्टी १० टक्के पडला काय आणि १० टक्के चढला काय, त्या शेअरचा आरएसआय तोच राहील. धागाकर्त्यांना शेअर आणि निर्देशांक यांच्यातलं नातं बघायचंय.

माळरान सर, मी हे दर शनिवारी शीटमध्ये करते. एका रकान्यात शेअरचा बंद भाव, दुसऱ्यात निफ्टीचा. तिसऱ्यात पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, बस. तो आकडा किती आहे याला अर्थ नसतो, तो वर चाललाय की खाली याला असतो. चौथ्या रकान्यात ५५ सत्रांतला फरक. बी मध्ये शेअर आणि सी मध्ये निफ्टी असेल, दुसऱ्या ओळीपासून भाव सुरू होत असतील, तर ५७ व्या ओळीत असं लिहायचं:

```
D57:  =B57/C57
E57:  =(B57/B2)/(C57/C2)-1
```

चौथा आकडा शून्याच्या वर असेल तर त्या काळात शेअर निफ्टीच्या पुढे राहिला. नुसता आलेख बघायचा असेल तर ट्रेडिंगव्ह्यूच्या शोधखिडकीत `NSE:BAJFINANCE/NSE:NIFTY` एवढं टाइप केलं की गुणोत्तराची रेषा समोर येते.

सागरगोटा

तुम्ही सगळे उगाच अवघड करताय. सरांनी दिलेलंच उदाहरण घ्या. शेअर २५ वर, निफ्टी साडेसहा खाली, म्हणजे साडेएकतीस टक्क्यांनी पुढे. वजाबाकी आली की झालं. आणि सरांचा मार्गही बरोबरच आहे. पडत्या बाजारात जो सगळ्यात कमी पडतो किंवा चढतो, तोच पुढच्या तेजीचा राजा. यात शोधायला काही उरत नाही.

माळरान

सागरगोटा, गणिताचा मास्तर म्हणून राहवत नाही, म्हणून करून बघितलं. गोदाकाठ ताईंच्या सूत्राने १.२५ ला ०.९३६ ने भागलं तर १.३३ च्या वर येतं. म्हणजे ३३ टक्क्यांहून जास्त. वजाबाकीने साडेएकतीस. इथे फरक छोटा आहे, पण निफ्टी ३० टक्के पडलेला असेल तेव्हा वजाबाकी बरीच चुकेल. ताई, शीट आजच केलं. आभार.

बिनधास्त_बाळू

सरांनी धागा काढला, गृहपाठ स्वतःच केला आणि तपासूनही दिला. आमच्या वेळी असे मास्तर असते तर मी दहावीला गणितात तरलो असतो :)

जुनीवही

सागरगोटा यांच्या 'पुढच्या तेजीचा राजा' या वाक्याबद्दल बोलायला आलोय, कारण त्या वाक्यावर मी स्वतः २०२० साली वर्षभर अडकून पडलो होतो. सांगलीत पंचवीस वर्षं सब-ब्रोकरचं काम केलं, आता फक्त स्वतःचं बघतो.

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस निफ्टी १२,१७० च्या आसपास होता. ३१ मार्च २०२० ला तो ८,६०० च्या जवळ होता. तीन महिन्यांत २९ टक्के गेले. त्या तीन महिन्यांत दोन शेअर माझ्या वहीत वर होते. हिंदुस्तान युनिलिव्हर १,९२० वरून २,३०० ला गेला, म्हणजे जवळपास २० टक्के. डिव्हीज लॅब १,८५० वरून १,९९० ला, म्हणजे सात-आठ टक्के. सागरगोटांच्या नियमाने राजा कोण? युनिलिव्हर, आणि तोही बराच पुढे. मी तोच घेतला.

पुढच्या ३१ मार्चला, म्हणजे २०२१ साली, निफ्टी १४,७०० च्या जवळ होता. वर्षात ७० टक्के वाढ. युनिलिव्हर २,४३० च्या आसपास. वर्षभरात पाच-सहा टक्के. डिव्हीज ३,६०० च्या वर, म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त. दोघेही पडझडीत तगडे दिसत होते. एकात बाजाराने आसरा घेतला होता, दुसऱ्याला बाजार पुढे घेऊन निघाला होता. मंदीच्या तीन महिन्यांचा आकडा हा फरक सांगत नाही. उलट आसऱ्याचा आकडा जास्त गोंडस दिसतो.

पाऊस सुरू झाला की माणसं एसटी स्टँडच्या पत्र्याखाली गोळा होतात. गर्दी बघून कोणाला वाटेल, इथे काहीतरी मोठं घडतंय. पाऊस थांबला की पाच मिनिटांत स्टँड रिकामं. साबण, चहा, टूथपेस्ट विकणाऱ्या कंपन्यांत पडत्या बाजारात पैसा येतो तो बऱ्याचदा असा. तो त्या कंपनीची वाढ बघून येत नाही. दुसरीकडे नुकसान होतंय म्हणून येतो.

वाफाळता_चहा

जुनीवही काका, हे नंतर कळलं ना? त्या वेळी हातात काय होतं, ज्यावरून फरक करता आला असता?

जुनीवही

बरोबर विचारलंस. हातात गुणोत्तराची रेषा होती आणि मी ती एप्रिलमध्ये बघायची सोडून दिली.

मार्चअखेर युनिलिव्हरचं निफ्टीशी गुणोत्तर ०.२६७ होतं. एप्रिल २०२० मध्ये निफ्टी ९,८६० पर्यंत आला, महिन्यात जवळपास १५ टक्के वर. युनिलिव्हर त्या महिनाअखेर २,२०० च्या आसपास होता. भागाकार करून बघ, ०.२२३ येतो. भावात फार काही हललं नव्हतं, चार टक्के इकडेतिकडे. त्यामुळे मला वाटलं शेअर ठीक आहे. रेषा मात्र एका महिन्यात सहावा हिस्सा खाली आली होती. डिव्हीजने त्याच महिन्यात निफ्टीची साथ सोडली नाही, त्याची रेषा जिथे होती तिथून किंचित वरच राहिली.

म्हणून माझी आताची रीत अशी. मंदीत यादी करायची ती फक्त उमेदवारांची. निकाल बाजाराच्या पहिल्या दणदणीत उसळीत लागतो. निर्देशांक तळापासून आठ-दहा टक्के वर येतो तेव्हा रेषा टिकली तर तो शेअर पुढे चालणारा. रेषा घसरली तर आसरा संपला. भाव पडलेला नसतो म्हणून हे डोळ्यांना दिसत नाही, भागाकार केला तरच दिसतं.

सागरगोटा

काका, मान्य, पण एका उदाहरणावरून नियम कसा? २०२२ चा आयटीसी बघा. तोही सिगारेट-बिस्किटवाला, तुमच्या भाषेत एसटी स्टँडचा पत्राच. वर्षाच्या सुरुवातीला २१८, शेवटी ३३० च्या वर. निफ्टी त्या अख्ख्या वर्षात चार-साडेचार टक्के. जूनमध्ये निफ्टी १५,२०० च्या खाली जाऊन आला, नंतर चढला, तरी आयटीसीने पुढे राहणं सोडलं नाही. तुमच्या हिशोबाने तो उसळीत मागे पडायला हवा होता.

जुनीवही

हे उदाहरण चोख आहे. आयटीसीने माझाही अंदाज चुकवला होता. मी तो 'पत्रा' समजून हातच लावला नाही. पण बघा, कसोटी उसळीतल्या रेषेची आहे, कंपनी काय विकते याची नाही. जूननंतर आयटीसीची रेषा खाली आली नाही, म्हणजे कसोटीला तो उतरलाच. मी धंद्यावरून शिक्का मारला, ती चूक माझी. तुम्ही म्हणता ते एवढ्यापुरतं खरं.

काजूगर

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून विचारतो. सिंधुदुर्गातून लिहितोय. माझ्याकडे एक छोटी कंपनी होती, नाव घेत नाही. २०२४-२५ च्या पडझडीत निफ्टी पडत होता आणि हा शेअर चार महिने जागचा हलला नाही. १४० ते १४५. गोदाकाठ ताईंच्या सूत्राने आकडा मस्त वर. मी दोनदा भर घातली. मग एका सोमवारी पाच टक्क्यांचं लोअर सर्किट, मंगळवारी परत, असे नऊ दिवस. विकायला लावला तर घेणाराच नाही. ही ताकद कसली होती मग?

गोदाकाठ

काजूगर दादा, वाईट वाटलं वाचून. त्या चार महिन्यांत रोज किती शेअरची उलाढाल होत होती ते बघितलं होतं का?

काजूगर

आता बघितलं. बऱ्याच दिवशी दोन-तीन हजार शेअर. म्हणजे तीन-चार लाखांचाच धंदा.

गोदाकाठ

मग त्या शेअरचा भाव स्थिर होता असं म्हणण्यापेक्षा भाव लागतच नव्हता असं म्हणावं लागेल. कोणी विकायला आलं नाही म्हणून जुना भाव तसाच राहिला, निफ्टी पडला, आणि भागाकार आपोआप वाढला. सूत्र बिचारं प्रामाणिक आहे. त्याला व्यवहार झाले की नाही हे कळत नाही. मी रोजची सरासरी उलाढाल पाच कोटींच्या खाली असेल तर तो शेअर शीटमध्ये घेतच नाही. पाच हा आकडा माझ्या रकमेला चालतो, प्रत्येकाने आपला ठरवावा.

असाच दुसरा फसवा प्रकार म्हणजे ओपन ऑफर. कोणी कंपनीत २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली की सेबीच्या नियमाने त्याला आणखी किमान २६ टक्क्यांसाठी ठरलेल्या भावाने ऑफर द्यावी लागते. ती चालू असेपर्यंत भाव बऱ्याचदा त्या आकड्याच्या आसपास खिळून राहतो. बाजार कितीही पडो, रेषा आपली सुंदर वर जाते. ऑफर संपली की आधार गेला. यादीत वर आलेला प्रत्येक शेअर का वर आला हे एकदा बातम्यांत बघून घेते ते यासाठीच.

निवांत

सगळं वाचलं. मी पंधरा वर्षं निर्देशांक फंडात एसआयपी करतोय. पडला तरी घेतो, चढला तरी घेतो. तुमच्या शनिवारच्या शीटचा वेळ मी नातीबरोबर घालवतो. मला प्रामाणिकपणे विचारायचंय, ही पद्धत निर्देशांकाला दीर्घकाळ हरवते का? कारण 'तगड्या शेअरांचा' निर्देशांकच आहे की आपल्याकडे. निफ्टी २०० मोमेंटम ३० हा सहा आणि बारा महिन्यांच्या परताव्यावरूनच शेअर निवडतो. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या त्याच पडझडीत तो निफ्टीपेक्षा कितीतरी जास्त पडला. मग ताकद गेली कुठे?

पाटीपेन्सिल

निवांत काकांना +१. माझ्याकडे त्याचा फंड आहे, तो काळ आठवायला नको.

गोदाकाठ

निवांत काका, प्रश्न रास्त आहे. तो निर्देशांक वर्षातून दोनदाच बदलतो, जून आणि डिसेंबरमध्ये. सप्टेंबर २०२४ ला त्यात जे शेअर होते ते आधीच्या तेजीतले तगडे होते. तेजीत जे सगळ्यात पुढे पळालेत त्यांच्यात नफा सगळ्यात जास्त साठलेला असतो, म्हणून वारा फिरला की विक्री तिथूनच सुरू होते. आपण या धाग्यात बोलतोय ती मोजणी पडझड सुरू झाल्यानंतरची आहे. दोन्हीकडे भागाकार तोच, घड्याळ कुठून सुरू केलं त्यात फरक.

दीर्घकाळ हरवते का, याचं माझ्याकडचं उत्तर फक्त माझ्या खात्यापुरतं आहे. चार वर्षांत दोन वर्षं पुढे, एक मागे, एक बरोबरीत. त्यावरून तुम्हाला एसआयपी सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. नातीबरोबरचा वेळ तर नक्कीच सोडू नका.

कडक_उन्हाळा

मला एक बारीक मुद्दा मांडायचाय. सगळे निफ्टीनेच भागताय. स्मॉलकॅप शेअरला निफ्टी ५० ने भागून काय कळणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये निफ्टी सहा टक्क्यांच्या जवळ पडला, स्मॉलकॅप निर्देशांक त्याच्या दुपटीच्या आसपास. एखादा छोटा शेअर त्या महिन्यात आठ टक्के पडला तर निफ्टीसमोर तो कमजोर आणि आपल्या भाऊबंदांत तगडा. कुठलं खरं?

आणि उलट बाजूने, एचडीएफसी बँकेला बँक निफ्टीने भागणारे लोक मी बघितलेत. त्या निर्देशांकात २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेचं वजनच चतुर्थांशाच्या आसपास होतं. म्हणजे अर्धवट स्वतःशीच कुस्ती. रेषा सपाट दिसणारच.

जुनीवही

कडक_उन्हाळा, मी दोन्ही करतो. आधी त्याच्या गटाच्या निर्देशांकाने, मग निफ्टी ५०० ने. गटात पुढे आणि बाजारात मागे असेल तर थांबतो, कारण त्याचा अर्थ गट अजून विकला जातोय. माझे पैसे गटात नसतात, बाजारात असतात. पण यावर माझं नि माझ्या एका जुन्या मित्राचं वीस वर्षं जमलेलं नाही. तो म्हणतो, निफ्टी ५०० च्या चाळणीत थांबलास तर गट वळतानाचा पहिला टप्पा दरवेळी हुकतो. त्याचंही खरं आहे, माझे पहिले टप्पे हुकतात.

माळरान

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा खूप पुढे गेली, सगळ्यांचे आभार. मूळ उदाहरणाकडे येतो, कारण दोन दिवस बसून बजाज फायनान्सची महिनाअखेरची रेषा काढली आणि त्यात मला न पटणाऱ्या काही गोष्टी सापडल्या.

पहिल्यांदा तर मी घाबरलोच. जून २०२५ मध्ये शेअर ९,००० च्या वरून एकदम ९०० च्या घरात. मग कळलं की एकास चार बोनस आणि दोन रुपयांच्या शेअरचे एक रुपयाचे दोन, हे एकाच दिवशी झालं. एकाचे दहा झाले. माझ्या शीटमध्ये जुने भाव हाताने टाकलेले होते, त्यामुळे रेषा दरीत कोसळली. जुने सगळे भाव दहाने भागले तेव्हा ठीक झालं. खाली मी तुलना सोपी राहावी म्हणून जुन्याच मापात आकडे देतोय.

डिसेंबरअखेर ०.२८९. जानेवारीअखेर ०.३३५. फेब्रुवारीअखेर ०.३८५. जानेवारीअखेरचा आकडा साधारण वर्षापूर्वीच्या पातळीला टेकला होता आणि फेब्रुवारीत त्याच्या बराच वर गेला. म्हणजे दिवा जानेवारीतच दिसत होता.

पण सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या पहिल्या तीन महिन्यांत काहीच नव्हतं. शेअर निफ्टीच्या बरोबरीनेच पडत होता, रेषा जवळपास आडवी. शिखरापासून 'सगळ्यात कमी पडलेले' अशी माझी यादी डिसेंबरात केली असती तर हा शेअर त्यात आलाच नसता.

दुसरी गोष्ट जास्त टोचते. मी फेब्रुवारीच्या शेवटी, सगळ्यांना दिसल्यावर, ८,५३० ला घेतला असता तर? जूनअखेर तो जुन्या मापाने ९,३५० च्या आसपास होता. साडेनऊ टक्के. निफ्टी त्याच काळात २२,१२५ वरून २५,५०० च्या वर, म्हणजे १५ टक्के. मी निर्देशांकाच्या मागे राहिलो असतो! म्हणजे हा शेअर पडझडीत पुढे गेला आणि उसळीत थोडा मागे पडला. जुनीवही काका, तुमच्या कसोटीने हा पुढे चालणारा की पत्रा?

वाफाळता_चहा

अरे वा, सरांनी काकांनाच पेपर दिला.

जुनीवही

सर, अवघड जागी धरलंत. प्रामाणिक उत्तर देतो.

पत्रा म्हणणार नाही. त्या शेअरला चढायला स्वतःचं कारण होतं. ७ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने रेपो पाव टक्क्याने कमी केला, जवळपास पाच वर्षांतली पहिली कपात. २५ फेब्रुवारीला बँकांनी वित्त कंपन्यांना दिलेल्या कर्जांवरचं वाढीव जोखीमवजन मागे घेतलं, जे नोव्हेंबर २०२३ मध्ये वाढवलं होतं. उधार पैसा आणून उधार देणाऱ्या कंपनीसाठी दोन्ही थेट फायद्याच्या. बजेटमध्ये १२ लाखांपर्यंत करसवलत आली, ती ग्राहककर्जवाल्यांना चांगलीच. म्हणजे पैसा लपायला आला नव्हता, धंदा बघून आला होता.

पण कारणं भावात दोन महिन्यांत शिरून झाली. नंतर बाजार सगळीकडून वर आला तेव्हा जे जास्त पडले होते ते जास्त उसळले, आणि हा दम खात राहिला. दोन महिन्यांत तेहतीस टक्के पुढे गेलेल्याने चार महिन्यांत पाच टक्के परत दिले, तर माझ्या लेखी रेषा टिकली. युनिलिव्हरने एका महिन्यात सहावा हिस्सा दिला होता, त्याला मी मोडली म्हणतो. मधे कुठे रेघ मारायची ते मला आजही आकड्यात सांगता येत नाही. आणि उशिरा घेणाऱ्याच्या खिशाला दोन्ही सारखंच लागतं, हे तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही.

सागरगोटा

म्हणजे जानेवारीअखेर घ्यायला हवा होता. तेव्हा ७,८०० च्या वर होता, ०.३३५ वर. पण तेव्हा पुढे काय होणार हे कोणाला माहीत होतं? जानेवारीत वर दिसलेले आणि फेब्रुवारीत तोंडावर पडलेले किती असतील? ते मोजल्याशिवाय या उदाहरणाला अर्थ नाही. माझं सुरुवातीचं वाक्य मागे घेतो, पण हा प्रश्न लावून धरतो.

गोदाकाठ

सागरगोटा, हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. आपण जिंकलेलं उदाहरण निवडलं, हरलेली यादीतून गळून गेली. माझ्या जुन्या शनिवारच्या शीट आहेत. जानेवारी २०२५ च्या शेवटच्या शनिवारी माझ्या गाळणीतून चौदा शेअर वर आले होते. पुढच्या महिन्यात त्यातले आठ निफ्टीपेक्षा पुढे राहिले, सहा मागे पडले. आणि नीट ऐका, पुढे राहिलेल्या आठांपैकी पाच पडलेच होते, फक्त निफ्टीपेक्षा कमी. बजाज फायनान्स माझ्या यादीत होता आणि मी तो घेतला नव्हता, कारण मला वाटलं बराच चढलाय.

म्हणून काजूगर दादांना आणि सरांना एकच सांगते. निफ्टी १५ टक्के पडला आणि तुमचा शेअर दहा, तर रेषा वर जाते आणि पैसे कमी होतात. मी त्या काळात निम्मी रक्कम लिक्विड फंडात ठेवली होती. शीट सांगतं कुठलं घ्यायचं. आत्ता घ्यायचं का, हे ते सांगत नाही. त्यासाठी मी निफ्टी त्याच्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर आहे का एवढंच बघते, आणि तेही कधी कधी उशीर करतं.

काजूगर

ताई, उलाढालीचा रकाना आजच घातला. माझ्याकडच्या आणखी दोन कंपन्या त्यात अडकल्यात. सर्किट लागायच्या आत थोड्या थोड्या काढायला घेतोय.

निवांत

आठ पुढे, सहा मागे. हे प्रामाणिकपणे लिहिलंत ते आवडलं. मी एसआयपीवरच, पण धागा वाचत राहणार.

बिनधास्त_बाळू

नातीला पण शीट शिकवा काका, दहावीपर्यंत कामाला येईल.

माळरान

गोदाकाठ ताई, आता माझं ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर थांबवा. घड्याळ दोन ठिकाणांहून लावणार, एक निफ्टीच्या शेवटच्या शिखरापासून आणि दुसरं ५५ सत्रांचं, कारण पहिल्या एकट्याने जानेवारीतला बदल मला उशिराच दाखवला असता. उलाढालीची अट पाच कोटी. यादीत आलेल्या प्रत्येकाचं कारण एका ओळीत लिहायचं. कारण सापडलं नाही तर तो शेअर घ्यायचा नाही. आणि निफ्टी तळापासून आठ टक्के वर आला की त्या दिवशी सगळ्यांचे भागाकार पुन्हा काढायचे.

माझ्या अकरा शेअरांना आत्ताच हे लावून बघितलं. तिघांचीच रेषा ५५ सत्रांत वर आहे. त्यातल्या एकाचं कारण मला दोन तास शोधूनही सापडलं नाही, औषधाच्या कच्च्या मालाची कंपनी आहे. तो ठेवू का काढू?

जुनीवही

उलाढाल वाढतेय का आधी बघा. वाढत असेल तर कारण असतं, आपल्याला उशिरा कळतं. पुढच्या तिमाही निकालापर्यंत आहे तेवढा ठेवा, भर घालू नका.

गोदाकाठ

मी काकांच्या उलट सांगेन. ज्याचं कारण माहीत नाही त्याची रेषा मोडली तर थांबायचं की निघायचं, हे त्या दिवशी ठरवता येत नाही. निम्मा काढा.

माळरान

दोघांचं वाचलं. उलाढाल काढतो आणि शनिवारी आकडे इथेच टाकतो.